कंडक्टरच्या तोंडचं गाणं कसं लिहावं: वाई–महाबळेश्वर एसटीची एक फेरी

गॅदरिंगला, एकांकिकेत, आगाराच्या स्नेहसंमेलनात कंडक्टरचं गाणं हमखास असतं, आणि बहुतेक वेळा ते एकाच जागी फसतं. लिहिणारा कंडक्टरबद्दल लिहितो. "मी वाहक हो, सेवा करतो, जीवनगाडी पुढे नेतो" असं काहीतरी सुरू होतं आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत बसची कविता होऊन जाते. खरा कंडक्टर स्वतःची ओळख करून देत नाही. तो लोकांना मागं सरकवतो, सुटे मागतो, घंटी मारतो. गाणं त्याच्या तोंडचं हवं असेल तर त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुणाला तरी उद्देशून असली पाहिजे.

खालची पद्धत एका ठरावीक फेरीवर करून दाखवली आहे: सातारा जिल्ह्यातली वाई ते महाबळेश्वर, साधी लाल गाडी. तुमचा मार्ग वेगळा असेल तर शब्द बदलतील. पायऱ्यांचा क्रम मात्र बदलू नका. आधी चाल आणि मग शब्द, किंवा आधी यमक आणि मग आरोळ्या, असं केलं की गाणं हाताबाहेर जातं.

## १. एकच फेरी, एकच काळ ठरवा

"एसटी" हा विषय फार मोठा आहे. एक फेरी घ्या: कुठून, कुठपर्यंत, दिवसाच्या कोणत्या वेळी. वाई–महाबळेश्वर हे अंतर साधारण बत्तीस किलोमीटर. वाई सोडली की पसरणी गाव, मग पसरणी घाट, माथ्यावर दांडेघर, लगेच पाचगणी, पुढं मेटगुताड, वेण्णा लेक आणि महाबळेश्वर. खाली बाजाराची गर्दी, मध्ये वळणावळणाचा चढ, वर शाळांचं आणि पर्यटकांचं गाव. एवढ्याशा रस्त्यात तीन वेगळ्या लयी मिळतात, म्हणून ही फेरी गाण्याला सोयीची. सरळ हायवेवरच्या विनाथांबा गाडीत कंडक्टर तिकिटं फाडून गप्प बसतो. त्याच्याकडून गाणं निघायला फार ओढाताण करावी लागते.

काळही ठरवा. ट्रे, छापील तिकिटांचे गठ्ठे आणि पंचाची कटकट हा एक काळ. तिकिटाचं मशीन आणि त्यातून सरकणारी कागदी पट्टी हा दुसरा. एका गाण्यात दोन्ही आणू नका. सवलतींनीही काळ उघडा पडतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास ऑगस्ट २०२२ पासून आहे आणि महिलांना अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून. कंडक्टरच्या हातात पंच दिलात आणि बाईला "अर्धं" म्हणायला लावलंत, तर आगारातला कुठलाही माणूस पहिल्याच कडव्यात हसेल. आपण मशीनचा काळ धरला आहे.

आधी हे तपासा: गाडीचं दार कुठं आहे? दार पुढं असेल तर माणसं चढून दाराशीच थांबतात आणि कंडक्टर "मागं सरका" ओरडतो. मागच्या दारानं चढायची मुंबईची जुनी बेस्ट असेल तर आरोळी उलटी, "पुढे चला". लिहिणारे हे सर्रास चुकवतात, कारण डोक्यात एक ऐकीव आरोळी असते आणि तीच कुठल्याही गाडीत कोंबली जाते.

## २. आरोळ्या गाडीत बसून टिपा

घरी बसून आठवलेल्या आरोळ्या नाटकी असतात. त्या फेरीनं पूर्ण जा आणि शक्य तर परतही या. कंडक्टरच्या सीटजवळ बसा. वहीत तीन रकाने करा: कुठं, काय म्हणाला, कुणाला म्हणाला. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. "सरका" हे एकच काम तो आजीला, कॉलेजच्या पोराला आणि सुटातल्या माणसाला तीन प्रकारे सांगतो, आणि गाण्याची गंमत त्या तीन प्रकारांत असते.

फोनवर आवाज घ्यायचा असेल तर कंडक्टरला विचारून घ्या आणि फक्त तुमच्या कामापुरता वापरा. प्रवाशांची नावं, बिल्ला क्रमांक, कुणाशी झालेलं भांडण गाण्यात आणू नका. त्याची गरजच पडत नाही.

नुसते शब्द टिपून भागत नाही, शब्द कुठं ताणला तेही लिहा. "वाईऽ वाई" यात पहिला ताण लांब, दुसरा तुटक. "कोन राहिलं?" यात "राहिलं" वर चढतं. हे उतरवायला स्वरलिपी यायला हवी असं नाही. शब्दावर आडवी रेघ मारली तरी पुरे.

शब्दांचा साठाही इथंच होतो: फेरी, ड्युटी, डबल ड्युटी, मुक्कामी गाडी, वे-बिल, भरणा, चेकर, कंट्रोलर, विनंती थांबा, टप्पा. ही यादी पाहिली की सगळे शब्द गाण्यात घालायचा मोह होतो. तो आवरा. पूर्ण गाण्यात असे दोन-तीन शब्द पुरतात, कारण प्रवाशांशी बोलताना कंडक्टर "वे-बिल" म्हणत नाही. वे-बिल म्हणजे फेरीच्या हिशेबाचा कागद, आणि तो शब्द स्टँडवर गाड्या सोडणाऱ्या कंट्रोलरच्या खिडकीपाशी असतो.

## ३. आरोळी मात्रांत मोजा

सगळ्यांत जास्त वेळ इथं द्या, कारण पुढचं सगळं यावर उभं राहतं. मोजणी सोपी आहे. ऱ्हस्व अक्षर एक मात्रा, दीर्घ अक्षर दोन. अनुस्वार असलेलं किंवा ज्याच्यापुढं जोडाक्षराचा आघात येतो ते ऱ्हस्वही दोन. बोलीतला शेवटचा "अं", म्हणजे मागं, पुढं, राहिलं यातला, गाताना लांबतो, म्हणून तोही दोन धरा.

आता वहीतल्या आरोळ्या मोजा.

मागं सरका: मा २, गं २, स १, र १, का २. एकूण आठ.
बोला तिकीट: बो २, ला २, ति १, की २, ट १. आठ.
सुट्टे काढा: सुट् २, टे २, का २, ढा २. आठ.
कोन राहिलं: को २, न १, रा २, हि १, लं २. आठ.
हात आत घ्या: हा २, त १, आ २, त १, घ्या २. आठ.

थांब्यांची नावं घ्या. "वाई वाई" आठ. "पाचगणी हो" आठ. "दांडेघर हो" आठ. "महाबळेश्वर" म १, हा २, ब १, ळे २, श्व १, र १, तेही आठ, आणि तेही "हो" न लावता.

हा योगायोग वाटेल, पण कारण साधं आहे. गर्दीत आणि इंजिनाच्या आवाजात ऐकू जायचं तर आरोळी एका श्वासात मावली पाहिजे, आणि पुन्हा पुन्हा ओरडायची तर तिला वजन लागतं. रोज तेच शब्द ओरडून ते आपोआप घोटून निघतात. केरवा या तालाचं आवर्तनही आठ मात्रांचंच. म्हणजे ठेका शोधायची गरज उरत नाही. एक आरोळी म्हणजे एक आवर्तन, दोन आरोळ्या म्हणजे सोळा मात्रांची एक ओळ.

सगळं इतकं सरळ बसत नाही. "मेटगुताड" सात भरतं आणि "वेण्णा लेक"ही सातच. अशा वेळी नाव मोडू नका, मागं एक मात्रा मोकळी सोडा. कंडक्टरही तिथं श्वास घेतो. "पसरणी" पाच आहे, त्याला तीन मात्रांचा "चला" जोडला की आठ होतात.

इशारा: मात्रा भरण्यासाठी "रे", "गं", "बरं" असे भरतीचे शब्द ओळीओळीला चिकटवू नका. "हो" आणि "की" कंडक्टरच्या तोंडी खरोखर असतात, ते चालतात. "गं बाई" लावलंत की ती लावणी होते.

तपासणी: प्रत्येक आरोळी टेबलावर थाप मारत चार वेळा सलग म्हणा. तिसऱ्या वेळी जीभ अडखळली तर शब्द बदला. मात्रा कागदावर बरोबर असल्या तरीही बदला.

## ४. ध्रुपद आणि घंटी बसवा

ध्रुपदात नवीन काही सांगायचं नाही. दर थांब्यावर पुन्हा घडतं तेवढंच तिथं: माणसं चढली, सरकली, तिकिटं झाली, घंटी. क्रमही तोच ठेवा.

> मागं सरका, मागं सरका
> बोला तिकीट, सुट्टे काढा
> कोन राहिलं? कोन राहिलं?
> टिंग टिंग! जाऊ द्या हो!

यमक नाही. मुद्दाम नाही. आरोळ्यांना यमक लावलं की त्या आरोळ्या राहत नाहीत, आणि ध्रुपद पाच वेळा येणार असल्यानं कान त्याला तसाही सरावतो.

चौथी ओळ नीट पाहा. एक घंटी थांबायला, दोन निघायला. म्हणून "टिंग टिंग" फक्त गाडी सुटताना. कडव्याच्या मध्ये शोभेसाठी घंटी वाजवलीत, तर ज्यानं आयुष्यभर एसटीनं प्रवास केला आहे त्याला गाडी कडव्याच्या मध्येच सुटल्यासारखी वाटते. मात्रांच्या हिशेबात टिंग तीन, टिंग तीन, आणि दोन मात्रा रिकाम्या. त्या दोन मात्रा भरू नका. दोरी ओढल्यावर ड्रायव्हर गिअर टाकेपर्यंतचा वेळ तो. तेवढी शांतता ठेवून मग "जाऊ द्या हो" आलं की गाडी खरोखर हलल्यासारखी वाटते.

एकेरी घंटी एकदाच, घाट संपून पाचगणी येते तिथं वापरू.

## ५. कडवी थांब्यांच्या क्रमानं लिहा

चार कडवी, चार जागा. आधी नुसतं गद्यात लिहून घ्या: या ठिकाणी कंडक्टरला कोणती अडचण आहे? अडचण नसेल तर त्या थांब्याला कडवं देऊ नका. दांडेघर सुंदर आहे, पण तिथं कंडक्टरला काही पडलेलं नाही, म्हणून दांडेघरला नुसती हाक पुरे.

वाई स्टँड. अडचण अशी की गाडी सुटायच्या आत माणसं आणि सामान बसवायचं आणि सुट्यांचा घोळ मिटवायचा. गद्य मसुदा: "दादा, पाचशेची नोट चालणार नाही, सुटे पैसे द्या." हे मात्रांत आणताना आधी कोणता शब्द जाईल? "चालणार नाही" जाईल, कारण कंडक्टर एवढं लांब बोलतच नाही. उरतं "पाचशे नगं". पा २, च १, शे २, न १, गं २. आठ. पुढं "सुट्टं द्यायचं" नऊ भरतं. साताऱ्याकडं "सुटं"ही म्हणतात, ते घेतलं की आठ. यमक हवं म्हणून वरच्या ओळीला "कुटं जायचं".

> आजी पाटी खाली ठेवा
> आबा कारड आदी दावा
> दादा तुमचं कुटं जायचं?
> पाचशे नगं, सुटं द्यायचं!

चार ओळी, तीन माणसं. आजीची पाटी, आबांचं सवलतीचं कार्ड, दादाची नोट. इथं "गर्दी फार झाली" असं एकदाही म्हटलेलं नाही. म्हणायची गरज पडली, तर ओळ कमी पडली असं समजा.

पसरणी घाट. वाईपासून पाचगणीपर्यंत पाचशे मीटरहून जास्त चढ आहे आणि तो थोड्या किलोमीटरांत उरकतो. जाणता कंडक्टर घाट लागायच्या आत तिकिटं संपवतो, कारण वळणावर उभं राहून मशीन चालवणं अवघड. म्हणजे घाटात त्याला तिकिटांची नाही, माणसांची काळजी: कुणाचा हात खिडकीबाहेर, कुणाला गाडी लागलेली.

> हात आत घ्या, वळान आलं
> कुनाचं तोंड पिवळं झालं?
> खिडकी द्या की त्या पोराला
> लिंबू असंल, द्या हो त्याला

लिहिणाऱ्यांना घाटात धुकं, दऱ्या, कृष्णेचं खोरं घालायची फार हौस. कंडक्टरनं हा घाट इतक्या वेळा पाहिला आहे की तो खिडकीबाहेर बघत नाही. तुम्हाला निसर्ग हवाच असेल तर तो प्रवाशाच्या तोंडी टाका आणि कंडक्टरकडून त्याला "हात आत घ्या" म्हणवा. निसर्गवर्णनाचं काम तेवढ्यात होतं.

घाटाच्या कडव्यानंतर ध्रुपद घेऊ नका. घाटात गाडी थांबत नाही, मग सुटणार कशी? त्याऐवजी एक आवर्तन "दांडेघर हो", एक आवर्तन "पाचगणी हो", आणि मग एकेरी टिंग. थांबलो.

पाचगणी. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यानं आकारतात, त्यामुळं कंडक्टरचं डोकं सतत टप्प्यांत चाललेलं असतं: मशीनमध्ये टप्पा पुढं घ्यायचा, उतरलेले किती, उरलेले किती. पाचगणीला बरीच गाडी रिकामी होते आणि हिशेब पडताळायची हीच वेळ. तेवढ्यात चेकर चढला तर विनातिकीट एक जरी सापडला तरी विचारणा कंडक्टरलाच. गाण्यातला एकमेव भीतीचा क्षण इथं आहे, तो मोठा करू नका.

> पाचगणी हो, उतरा उतरा
> डोकी बगतो: सोळा? सतरा?
> एक कोनचा निजला मागं?
> चेकर आलं, व्हा हो जागं!

"सोळा? सतरा?" यमकासाठी आलं हे खरं, पण टिकलं ते हिशेबामुळं. तिकिटं सोळा आणि डोकी सतरा, म्हणून तो मागं निजलेला शोधतोय. यमक सापडल्यावर त्याला असं काम द्या. काम देता येत नसेल तर यमक सोडा. "उतरा"ला "कुतरा" हे यमकही बसतं, आणि दर स्पर्धेत कुणीतरी ते बसवतंच.

महाबळेश्वर. शेवटचा थांबा, पण कंडक्टरसाठी शेवट नाही. दहा मिनिटांत तीच गाडी वाई म्हणून सुटणार आहे.

> महाबळेश्वर! खाली व्हा हो
> चा घ्या दादा, लवकर या हो
> पाटी फिरवा, वाई वाई
> कंट्रोलरला भलती घाई

पहिल्या कडव्यातला "दादा" प्रवासी होता, इथला ड्रायव्हर आहे. गाणाऱ्यानं मान वळवून गायलं तर घोळ होत नाही. रंगमंच नसेल, नुसतं ध्वनिमुद्रण असेल, तर पहिल्या कडव्यात "पाव्हणं" बसवून पाहा. पण त्यात पा २, व्ह १, णं २ अशा पाच मात्रा होतात, त्यामुळं "पाव्हणं तुमचं" नऊ भरेल आणि "पाव्हणं बोला"ही नऊच. "पाव्हणं" आणि पुढं तीन मात्रांचा "बगा" घ्यावा लागेल.

इशारा: "माझे पाय दुखतात, घरी पोरं वाट पाहतात, पगार अपुरा" असं दुःखाचं पाचवं कडवं जोडायचा मोह होईल. ते खोटं नाही, पण कंडक्टर हे गाडीत प्रवाशांसमोर बोलत नाही. "चा घ्या दादा" म्हणून दुसऱ्याला चहाला पाठवणारा माणूस स्वतः कुठं जातोय? कंट्रोलरच्या खिडकीपाशी, नोंद करायला. ऐकणाऱ्याला ते आपसूक कळतं.

## ६. बोली शेवटपर्यंत एकच ठेवा

सातारी बोली धरली तर हाय, न्हाई, कुटं, कोन, कुनाचं, बगतो, आदी. एका ओळीत "कोन" आणि पुढच्या ओळीत "कोण" नको. मसुदा पूर्ण झाला की फक्त याच कामासाठी तो पुन्हा वाचा, ण आणि न वर बोट ठेवत.

सगळ्यांत मोठी चूक मुंबईची भेसळ. "काय भाऊ, लोचा झाला", "खाली पिली टेन्शन" ही भाषा पसरणी घाटातल्या कंडक्टरच्या तोंडी शोभत नाही. नागपूरकडचा कंडक्टर "बे" आणि "ना बाप्पा" म्हणेल, कोकणातला निराळंच. तुमची बोली तुमच्या फेरीच्या गावांतूनच यायला हवी.

एक भेसळ मात्र खरी आहे. महाबळेश्वरच्या गाडीत परराज्यातले पर्यटक असतात आणि त्यांच्याशी कंडक्टर हिंदी बोलतो, तीही मराठी वळणाची. चौथ्या कडव्याआधी "वेण्णा लेक, किसको उतरना?" अशी एखादी गद्य हाक टाकता येईल. ती गाऊ नका, नुसती ओरडा. चालीत बसवलीत तर तिची विनोदी बतावणी होते.

नातं ठेवूनच हाक मारा: आजी, आबा, मावशी, दादा, ताई, पोरा. "ओ लेडीज" किंवा कुणाच्या जाडीवर, कपड्यांवर मारलेला टोमणा हशा मिळवतो, पण कंडक्टरला फुकट बदनाम करतो. तोंडाळ असणं वेगळं, टवाळ असणं वेगळं.

## ७. लय आणि वाजप

केरव्याचा ठेका, आठ मात्रांचं आवर्तन साधारण दोन सेकंदांत. वाई स्टँडच्या कडव्याला ही लय ठेवा. घाटाचं कडवं लागताना ती तीन सेकंदांपर्यंत उतरवा, पण एकदम नाही, तर पहिल्या ओळीभर हळूहळू, गाडी खालच्या गिअरवर येते तशी. दांडेघरच्या हाकेला लय पुन्हा धरू लागायची आणि पाचगणीच्या एकेरी घंटीला थांबायची. तिसरं कडवं पहिल्याच लयीत. चौथं किंचित जलद, कारण कंट्रोलरला घाई आहे.

चाल तीन-चार स्वरांतच फिरू द्या. आरोळीला फार मोठी झेप नसते. ती एका सुरावर धरली जाते आणि शेवटी खाली पडते किंवा वर उचलली जाते. सुगम संगीताच्या ताना घेणाऱ्या गायकाला हे गाणं देऊ नका. खणखणीत, थोडा घसा बसलेला आवाज चालेल.

वाद्यांत हलगी किंवा ढोलकी एकच काहीतरी पुरे. घंटी खरी धातूची घ्या. कीबोर्डवरची घंटी देवळातल्यासारखी वाजते. ध्रुपदातली "कोन राहिलं?" ही ओळ कोरसला देऊ नका. तो प्रश्न एकट्या कंडक्टरचा आहे. कोरस म्हणजे प्रवासी, त्यांना फक्त पहिली ओळ द्या, तीही कुरकुरत, एकमेकांना ढकलत.

तपासणी: घाटाचं कडवं ठेक्याशिवाय म्हणून पाहा. लय उतरल्यावर "कुनाचं तोंड पिवळं झालं" ही ओळ रेंगाळली, तर लय फार खाली गेली आहे. अडीच सेकंदांवर या.

## ८. शेवटचा हात फिरवताना

पूर्ण गाण्याचा क्रम असा: ध्रुपद, वाई, ध्रुपद, घाट, दोन हाका आणि एकेरी घंटी, पाचगणी, ध्रुपद, पुढच्या थांब्यांच्या हाका, महाबळेश्वर, ध्रुपद दोनदा. वरच्या लयींनी हे तीन मिनिटांच्या आतच संपतं. लांबवायचं असेल तर नवीन अडचण शोधा. विनंती थांब्यावर हात करणारा, पास घरी विसरलेला विद्यार्थी, टपावर चढवायचं सामान यातलं काहीही चालेल, पण ते मार्गावर जिथं घडतं तिथंच बसवा.

थांब्यांची नावं क्रमानं मोठ्यानं वाचा. पसरणी घाटाच्या आधी पाचगणी आली असेल तर वाईचा कुठलाही माणूस पुढचं ऐकणार नाही. मग ज्या ओळीत कंडक्टर कुणाशीच बोलत नाही तिच्याखाली रेघ मारा. वरच्या चार कडव्यांत अशा दोनच ओळी आहेत: "डोकी बगतो" आणि "कंट्रोलरला भलती घाई". दोन चालतील. तिसरी निघाली तर ती काढा.

मग गाणं एखाद्या वाहकाला ऐकवा, शक्यतो ड्युटी संपल्यावर, भरणा झाल्यावर. कसं वाटलं असं विचारू नका, उत्तर "छान" येईल. "यातलं काय तुम्ही म्हणत नाही?" असं विचारा, आणि तो जो शब्द सांगेल तो तिथल्या तिथं मोजून बसवून बघा.